वीस हजारांची दोन उत्तरं

बिरवाडीत जानकीबाईंच्या घरामागे पत्र्याच्या तीन खोल्या आहेत. त्यातल्या दोन खोल्यांत कंपनीतली पोरं राहतात. ती शिफ्टप्रमाणे येतात-जातात आणि त्यांची तोंडं दर सहा महिन्यांनी बदलतात. तिसऱ्या खोलीत अक्षदा उतेकर गेली नऊ वर्षं राहते आहे.

अक्षदा मूळची पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतली. बारावी झाली आणि विसाव्या वर्षी तिचं लग्न झालं. नवरा मुंबईत एका कँटीनमध्ये होता. दोन वर्षांनी तो म्हणाला, थोडे दिवस माहेरी जाऊन ये. ती आली, पण न्यायला कुणी आलं नाही. भांडण झालं नाही, काडीमोडाचा कागद झाला नाही. पहिल्या वर्षी लोक विचारायचे, मग विचारायचे थांबले. वडील गेल्यावर भाऊ अक्षय आईला नालासोपाऱ्याला घेऊन गेला आणि वाडीतल्या घराला कुलूप लागलं. मग अक्षदा महाडच्या औद्योगिक वसाहतीत औषधाच्या एका कंपनीत पॅकिंगला लागली. हात चलाख, अक्षर चांगलं, म्हणून तीन वर्षांत तिला स्टोअरमध्ये घेतलं. आता ती तिथे रजिस्टर लिहिते.

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी तिने मुक्त विद्यापीठात बी.कॉम.ला नाव घातलं तेव्हा कंपनीतल्या बायांना वाटलं, बढतीसाठी असणार. तीही तसंच सांगायची. खरं कारण रविवार होतं. सोमवार ते शनिवार आठ तास माणसांत जायचे. रविवारी कपडे धुऊन झाले, केस वाळले, की सकाळचे दहाच वाजलेले असायचे, आणि पुढचा सगळा दिवस अंगावर यायचा. अभ्यासकेंद्राचे वर्ग महाडच्या एका कॉलेजात रविवारी भरतात हे कळलं आणि दुसऱ्याच दिवशी तिने फॉर्म भरला.

वर्गात तिला धरून तेवीस जण. बहुतेक सगळे विशी-बाविशीतले. कुणी दुकानात कामाला, कुणी पतपेढीत. सगळे तिला ताई म्हणायचे आणि तिच्या बाकावर कुणी बसायचं नाही. त्यात वाईट हेतू नव्हता. दोघं-दोघं मिळून बसायची त्यांची सवय होती, आणि अक्षदाला जोडीदार नव्हता.

दुसऱ्या वर्षाच्या जानेवारीत पार्टे सरांनी फळ्यावर असाइनमेंट लिहून दिली. पार्टे सर दिवसा शाळेत शिकवायचे आणि रविवारी इथे यायचे. मध्यम उंचीचा, घसा बसलेला माणूस. एका कंपनीचे लागोपाठ दोन वर्षांचे ताळेबंद दिले होते, त्यांवरून रोख प्रवाह पत्रक करायचं होतं. म्हणजे वर्षभरात पैसा कुठून आला आणि कुठे गेला ते तीन भागांत दाखवायचं: धंद्यातून किती, यंत्रं वगैरे घेण्या-विकण्यातून किती, आणि भांडवल उभारण्या-फेडण्यातून किती.

"नफा म्हणजे रोकड नाही, एवढं लक्षात ठेवा," सर म्हणाले. "आणि ताळेबंदाखालच्या सूचना वाचा. पुढच्या रविवारी हाताने लिहून आणायचं. वीस मार्कांचं आहे."

सोमवारी संध्याकाळी कामावरून येऊन, भात टाकून अक्षदा वही घेऊन बसली. कंपनीकडची रोकड वर्षाच्या सुरुवातीला ऐंशी हजार होती आणि शेवटी एक लाख. म्हणजे उत्तर आधीच ठाऊक होतं, वीस हजारांची वाढ. तिथपर्यंत कसं पोचलो तेवढं दाखवायचं होतं. शिल्लक नफा पंचेचाळीस हजारांनी वाढला होता. त्यात दिलेला लाभांश साठ हजार आणि त्या वर्षाची कराची तरतूद सदतीस हजार मिळवली की करापूर्वीचा नफा एक लाख बेचाळीस हजार. इथवर तिचा हात सरळ चालला.

खाली सूचना होत्या. यंत्रांवर घसारा, म्हणजे वर्षभरातली झीज, सत्तर हजार. चाळीस हजार पुस्तकी किमतीचं एक यंत्र अठ्ठावीस हजारांना विकलं. घसारा नफ्यातून वजा झालेला असतो, पण तो कुणाच्या हातात दिलेला नसतो, म्हणून तो परत मिळवायचा, हे सरांनी सांगितलं होतं. तिने सत्तर मिळवले. यंत्रविक्रीतला बारा हजारांचा तोटाही तसाच मिळवला. साठा तीस हजारांनी वाढला होता, ते वजा. येणी दहा हजारांनी कमी झाली, देणी पंधराने वाढली, ते दोन्ही अधिक. भरलेला कर बत्तीस हजार वजा. धंद्यातून आलेली रोकड एक लाख सत्त्याऐंशी हजार.

मग यंत्रं. गेल्या वर्षी पाच लाख साठ हजारांची, या वर्षी सहा लाख पंचावन्न हजारांची. पंचाण्णव हजारांची वाढ. तिने खरेदी पंचाण्णव हजार लिहिली, विक्रीचे अठ्ठावीस हजार आत घेतले. शेवटी नवे समभाग एक लाख, फेडलेले अग्रहक्क भाग तीस हजार, लाभांश साठ हजार, म्हणजे निव्वळ दहा हजार आले. बेरीज केली. एक लाख तीस हजार आले.

वीस हजार यायला हवे होते. एक लाख दहा हजार कुठेतरी जास्त झाले होते.

तिने पुन्हा बेरीज केली, मग तिसऱ्यांदा. आकडा हलला नाही. भात करपला.

बुधवारी वर्गाच्या ग्रुपवर साहिलने चार फोटो टाकले. साहिल महाडमध्ये मोबाइलच्या दुकानात होता, तेविशीचा, सगळ्यांशी हसून बोलणारा, ग्रुप त्यानेच काढलेला. गेल्या वर्षीच्या कुणा विद्यार्थ्याची वही त्याने मिळवली होती आणि त्याच साच्यात या वर्षीचे आकडे बसवले होते. खाली लिहिलं होतं, 'टॅली झालंय, बिनधास्त उतरवा.' पाठोपाठ अंगठ्यांची रांग लागली.

अक्षदाने फोटो मोठा करून पाहिला. साहिलने घसारा घेतलाच नव्हता. यंत्र विकल्याचाही उल्लेख नव्हता. गेल्या वर्षीच्या गणितात तसल्या सूचना नसणार. नफा एक लाख बेचाळीस, फेरफार, कर, आणि धंद्यातून आलेली रोकड एक लाख पाच हजार. यंत्रखरेदी पंचाण्णव हजार. भांडवलाचे दहा हजार. शेवटी वीस हजार, चोख.

तिने सूचना विचारात घेतल्या तर चुकलं, आणि ज्याने वाचल्याच नाहीत त्याचं जुळलं. तिला काहीच कळेना.

जानकीबाई ओटीवर वाल सोलत बसल्या होत्या. अक्षदा वही घेऊन तिथे जाऊन बसली, उगीचच, कुणाच्या तरी शेजारी बसावं म्हणून.

"कसला हिशोब गो बाय? चार दिस बघतंय मी," जानकीबाई म्हणाल्या. "कुनाचा द्यायचा हाय काय?"

"नाय मावशी. अभ्यासातला हाय. खोट्या कंपनीचा."

"खोट्या कंपनीचा कशाला करतेस मग?"

अक्षदाने वही मिटली. तीही वाल सोलायला लागली. थोड्या वेळाने जानकीबाईंना सुनेची हाक आली आणि त्या टोपली घेऊन आत गेल्या.

त्या रात्री तिने आईला फोन केला. आईला, ठकूबाईला, आता कमी ऐकू येत होतं. मागे नातवंडांचा टीव्ही लागला होता. जेवलीस का, थंडी हाय का तिकडं, एवढं झालं आणि आई म्हणाली, "अक्षय आलाय, ठेवते गो." अक्षदाला सांगायचं होतं की एक लाख दहा हजार सापडत नाहीत. पण ते ऐकून आई घाबरली असती.

गुरुवारी स्टोअरमध्ये वार्षिक तपासणीसाठी यंत्रांचं रजिस्टर काढायचं होतं. अक्षदाने ते कपाटातून काढून टेबलावर मांडलं. पॅकिंग विभागात गेल्या मार्चअखेर चौदा यंत्रं होती, आता पंधरा. शेजारच्या विभागातला मुरारी, कंपनीतला जुना फिटर, पान्हा घ्यायला आला होता. त्याने वाकून पाहिलं.

"यंदा एकच मशीन वाढलं, मुरारीभाऊ," ती म्हणाली.

"एक कुठलं? दोन आली," मुरारी म्हणाला. "मीच बसवली की. जुनं गोळ्यांच्या पट्टीचं मशीन भंगारवाल्यानं टेम्पोत घालून नेलं, इसरलीस? एक गेलं, दोन आली. म्हणून एक जास्त दिसतंय."

तो पान्हा घेऊन निघून गेला. अक्षदा रजिस्टरवर बोट ठेवून बसून राहिली.

एक वाढलं म्हणजे एकच घेतलं, असं नव्हतं. जे गेलं त्याची जागा भरून वर एक वाढलं होतं. त्या गणितातल्या कंपनीतही तसंच. पाच लाख साठ हजारांतून चाळीस हजारांचं यंत्र गेलं. घसाऱ्याने आणखी सत्तर हजार झिजले. उरले साडेचार लाख. आणि वर्षअखेर ताळेबंदात सहा लाख पंचावन्न. मग खरेदी पंचाण्णव हजारांची कशी असेल? दोन लाख पाच हजारांची हवी.

चाळीस आणि सत्तर, एक लाख दहा हजार. तिचा हरवलेला आकडा.

जेवणाच्या सुट्टीत तिने रद्दी कागदावर यंत्रांचं खातं मांडलं. डावीकडे सुरुवातीची शिल्लक आणि खरेदी, उजवीकडे घसारा, विक्री, तोटा, शेवटची शिल्लक. दोन्ही बाजू सात लाख पासष्ट हजार. यंत्रांच्या भागात एक लाख सत्त्याहत्तर हजार बाहेर गेले. एक लाख सत्त्याऐंशी आले, एक लाख सत्त्याहत्तर गेले, दहा आले. वीस हजार.

तिने डबा उघडला नव्हता. मान वर करून पाहिलं तर कँटीनमध्ये बाया हळदीकुंकवाच्या साड्यांबद्दल बोलत होत्या. कागद घडी घालून तिने पिशवीत ठेवला. इतका आनंद तिला पुष्कळ वर्षांत झाला नव्हता आणि तो कुणाला सांगण्यासारखा नव्हता.

संध्याकाळी तिने ग्रुपवर लिहिलं. साधंच लिहिलं, की घसारा आणि विक्री सोडून दिली तरी शेवट जुळतो, पण आतले आकडे चुकतात. सोबत यंत्रांच्या खात्याचा फोटो टाकला. एकेक करून सगळ्यांनी पाहिल्याच्या खुणा झाल्या. तासाभराने एका मुलीने लिहिलं, 'ताई, टॅली होतंय ना, मग कशाला?' त्यानंतर कुणीतरी क्रिकेटचा व्हिडिओ टाकला.

शनिवारी साहिलचा फोन आला.

"ताई, तुमचं बरोबर असेल, मी नाही म्हणत नाही," तो म्हणाला. "पण सगळ्यांनी उतरवून झालंय. तुमचं एकटीचं वेगळं दिसलं तर सर सगळ्यांना धरतील. तुम्ही पण तेच लिहा ना. वीस मार्कांसाठी कशाला?"

"मला चूक कुठे आहे ते माहीत आहे रे," अक्षदा म्हणाली. "आता तसं कसं लिहू?"

"तुम्हाला काय फरक पडतो पण?"

फरक खरंच पडत नव्हता. बढतीचं कुणी बोललं नव्हतं, घरी गुण विचारणारं कुणी नव्हतं. "माझी वही लिहून झाली आहे," एवढंच ती म्हणाली. साहिलने बरं म्हणून फोन ठेवला.

रविवारी पार्टे सरांनी वह्या गोळा केल्या आणि पोरांना वाचायला धडा देऊन तिथेच तपासायला बसले. अक्षदाची वही पाचवी होती. सर थांबले. मागच्या वह्या उलगडल्या, पुढच्या चाळल्या.

"उतेकर ताई, तुमचं वेगळं कसं?"

अक्षदा उठून उभी राहिली. "सर, शेवट सारखाच आहे."

"शेवट दिसतोय मला. फळ्यावर या."

अक्षदाने खडू घेतला. तिने यंत्रांचं खातं काढलं, जसं कागदावर काढलं होतं तसं. मुरारीच्या दोन मशिनांचं सांगावं की नाही हे तिला ठरवता येईना. मग तिने तेच सांगितलं. एक गेलं, दोन आली, आणि कागदावर एकच वाढलेलं दिसतं. सर खुर्चीत मागे टेकून ऐकत होते.

"मग या बाकीच्यांचं जुळलं कसं?" त्यांनी विचारलं.

"घसारा आणि तोटा मिळवले नाहीत म्हणून धंद्यातले ब्याऐंशी हजार कमी दिसले," ती म्हणाली. "आणि खरेदी-विक्री न मांडता नुसता फरक धरला, म्हणून यंत्रांवर गेलेलेही ब्याऐंशी हजारच कमी दिसले. दोन्हीकडे सारखंच कमी, म्हणून शेवटी कळत नाही."

सर उठले, फळ्यापाशी आले आणि तिने काढलेल्या खात्याखाली एक रेघ ओढली. "बरोबर आहे. रोकड किती वाढली हे सांगायला दोन ताळेबंद पुरतात, त्याला तुमची गरज नाही. ती कुठून आली हे विचारलंय. या कंपनीला धंद्याने एक लाख सत्त्याऐंशी हजार दिले. तुम्ही सगळ्यांनी एक लाख पाच लिहिलेत." मग वर्गाकडे वळून म्हणाले, "पुढच्या रविवारी पुन्हा करून आणा. आता वीसऐवजी दहापैकीच मार्क देईन. ताई, तुमची वही ठेवतो मी."

मागच्या बाकावरून कुणीतरी दीर्घ श्वास सोडला. अक्षदा जागेवर येऊन बसली.

वर्ग सुटल्यावर सरांनी तिला दारात थांबवलं. इतर जण बाजूने जात होते, कुणी पाहिलं नाही. "तुमच्या आधीच्या चार वह्यांवर मी बरोबरची खूण केली होती," ते हळू म्हणाले. "शेवटचा आकडा बघून. वीस-बावीस वह्या असतात, होतं असं." तिने नमस्कार केला आणि रिक्षाच्या थांब्याकडे निघाली. कोपऱ्यावरच्या गाड्यावर वर्गातली सात-आठ जण वडापाव खात उभी होती. एरवी कुणीतरी 'या ताई' म्हणायचं. त्या दिवशी ती जवळून गेली तेव्हा बोलणं थांबलं आणि ती पुढे गेल्यावर पुन्हा सुरू झालं.

त्यानंतर ग्रुप गप्प झाला. आठवडा, दोन आठवडे, एक मेसेज नाही. अक्षदाला वाटलं, परीक्षा जवळ आली, सगळे अभ्यासाला लागले असतील.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी ती नेहमीप्रमाणे साडेनऊला महाडला पोचली तर कॉलेजच्या फाटकाला कुलूप होतं. शिपाई आतल्या नळावर बादली भरत होता.

"आज वर्ग नाही बाई. सरांकडे लग्न आहे. मुलांना कळवलंय की ग्रुपवर."

तिने फोन काढून पाहिला. ग्रुपवर शेवटचा मेसेज तो क्रिकेटचा व्हिडिओ होता. मग तिच्या लक्षात आलं. दुसरा ग्रुप निघाला होता.

परत जायला तिला जीव होईना. रविवारचे साडेनऊ वाजले होते, खोलीवर जाऊन काय करणार? ती बाजारपेठेतून चालत राहिली. गरज नसताना एक किलो कांदे घेतले. एसटी स्टँडवर पोलादपूरची गाडी लागली होती. चढावं, वाडीत जाऊन घर उघडावं, असं मनात आलं, पण कुलपाची किल्ली अक्षयकडे होती. गाडी सुटली. ती बाकड्यावर कांद्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिली, अकरा वाजेपर्यंत, साडेअकरापर्यंत.

परतताना मोबाइलच्या दुकानावरून जावं लागायचं. साहिल काचेमागे बसला होता. तिला पाहून तो उठला, मग बसला, मग बाहेर आला.

"ताई, तुम्ही आज... वर्ग नव्हता."

"हो. शिपायाने सांगितलं."

तो चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत उभा राहिला. "नवा ग्रुप मी नाही काढला. पण मी त्यात आहे." मग म्हणाला, "मला वाटलं कुणीतरी तुम्हाला फोन करेल."

"असू दे," ती म्हणाली. तिला राग आला नव्हता. फक्त सकाळपासून ती कुणाशी बोलली नव्हती आणि तिचा आवाज तिलाच वेगळा लागत होता.

"ताई, एक विचारू? ते मी पुन्हा लिहून दिलं, पण तुमचं बघूनच. बारा हजारांचा तोटा का मिळवायचा ते अजून कळलं नाही. तोटा म्हणजे पैसे गेलेच ना?"

अक्षदाने पिशवी दुकानाच्या पायरीवर ठेवली. साहिलने बिलबुकाचा मागचा कोरा कागद दिला. "हा फोन समज," ती म्हणाली. "तुझ्या वहीत याची किंमत चाळीस आहे. तू अठ्ठावीसला विकलास. खिशात किती आले?"

"अठ्ठावीस."

"खिशातून किती गेले?"

"काहीच नाही."

"मग नफ्यातून बारा वजा झाले होते ते परत घे. आणि आलेले अठ्ठावीस यंत्रांच्या भागात दाखव. ते धंद्यातले नाहीत."

साहिलने कागद स्वतःकडे फिरवून घेतला आणि पुन्हा एकदा स्वतः मांडलं. तेवढ्यात चार्जर घ्यायला दोन गिऱ्हाइकं आली. तो आत गेला. अक्षदा क्षणभर थांबली. तो त्यांच्याशी भाव करण्यात गुंतला होता, म्हणून पिशवी उचलून ती निघाली.

मेमध्ये परीक्षा झाली, जुलैत निकाल लागला. हिशेबशास्त्रात तिला अठ्ठ्याहत्तर पडले. वर्गात सगळ्यांत जास्त होते की नाही, तिला कधी कळलं नाही. नव्या ग्रुपवर कुणी तिला घेतलं नाही, आणि तिनेही साहिलला तसं म्हटलं नाही. वर्ग रद्द असला की तो आदल्या दिवशी तेवढं कळवतो, 'ताई, उद्या नाही.'

निकालाच्या संध्याकाळी तिने आईला फोन लावला.

"अठ्ठ्याहत्तर पडले गो आये."

"कितीतले?"

"शंभरातले."

"मंग बरे हायत," ठकूबाई म्हणाली, आणि पलीकडे टीव्हीचा आवाज मोठा झाला. फोन ठेवून अक्षदा उठली, गुणपत्रिकेची प्रत पुठ्ठ्याच्या फाइलमध्ये घातली आणि तिसऱ्या वर्षाचा फॉर्म भरायला बसली. पत्त्याच्या रकान्यात तिने बिरवाडी लिहिलं. संपर्कासाठी घरच्या व्यक्तीचं नाव विचारलं होतं, तो रकाना तिने थोडा वेळ तसाच ठेवला. मग जानकीबाईंचं नाव घातलं आणि त्यांचा नंबर विचारायला पुढच्या ओटीवर गेली.